व्याज आधीच कापून दिलेलं कर्ज: वर्षाला खरोखर किती टक्के पडतं?

"लाखाचा कागद कर, एक्क्याण्णव घेऊन जा. तीन महिन्यांनी लाख आणून दे, मधे तोंड दाखवायचीही गरज नाही." बाजारपेठेत सणाच्या आधी माल भरणाऱ्या दुकानदाराला हे वाक्य नवं नसतं. शेकडा तीनचा दर, तीन महिन्यांची मुदत, म्हणजे नऊ हजार व्याज, आणि ते पैसे देतानाच कापून घेतलेलं. दुकानदार मनात हिशेब मांडतो, महिन्याला ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महाग आहे, पण दिवाळीच्या विक्रीत निघेल.

यातला ३६ हा आकडाच चुकीचा आहे. ३६ टक्के एक लाखावर धरलेत, आणि एक लाख त्याच्या हातात कधी आलेच नाहीत. त्याने वापरायला घेतले ९१ हजार. जे पैसे मिळालेच नाहीत त्यांचंही व्याज तो देतो आहे. ही मेख खाजगी सावकाराकडे असते, रोजच्या वसुलीवाल्याकडे असते, पतसंस्थेच्या एखाद्या योजनेत असते आणि मोबाइलवरच्या आठ-पंधरा दिवसांच्या कर्जातही असते. खरा दर काढायला फार गणित लागत नाही, पण कर्ज एकरकमी फेडायचं की हप्त्यांनी, यावर रीत बदलते.

आधी दोनच आकडे लिहून काढा

कागदावरची रक्कम, ठरलेला दर, "प्रोसेसिंग", "फाइल चार्ज" हे सगळं क्षणभर बाजूला ठेवा. एका कागदावर दोन गोष्टी लिहा: हातात किंवा खात्यात प्रत्यक्ष किती रुपये पडले आणि कोणत्या तारखेला, आणि परत किती रुपये, कोणत्या तारखांना द्यायचे आहेत. कर्ज म्हणजे एवढंच. बाकीचे शब्द देणाऱ्याच्या सोयीचे असतात. व्याज म्हणून कापलं, फी म्हणून कापलं की "पहिला हप्ता आगाऊ" म्हणून कापलं, तुमच्या दृष्टीने ते न मिळालेले पैसेच.

आपल्या दुकानदाराचं लिहिलं तर असं दिसतं: १ ऑगस्ट २०२५ रोजी ९१,००० आले, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी १,००,००० द्यायचे.

एकरकमी फेडीचं कर्ज

इथे कागद-पेन्सिल पुरते. कापलेली रक्कम भागिले हातात पडलेली रक्कम. ९,००० ला ९१,००० ने भागलं की ०.०९८९ येतात, म्हणजे तीन महिन्यांना ९.८९ टक्के. वर्षात असे चार तिमाही काळ, म्हणून ९.८९ गुणिले ४, म्हणजे ३९.६ टक्के. सांगितलेल्या ३६ पेक्षा साडेतीन टक्क्यांहून जास्त. एका ओळीत मांडायचं तर:

```
कापलेले / हातातले * 12 / महिने * 100
9000 / 91000 * 12 / 3 * 100 = 39.56
```

हा झाला सरळ व्याजाचा वार्षिक दर. दुसरा आकडा चक्रवाढीचा. दर तीन महिन्यांनी याच अटीवर पुन्हा पैसे घेत वर्ष काढलं, तर ९१ चे १०० होणं चार वेळा घडतं. १०० भागिले ९१ म्हणजे १.०९८९; त्याचा चौथा घात १.४५८. म्हणजे वर्षाचा प्रभावी दर ४५.८ टक्के.

इथे एक सावधगिरी हवी, कारण याच जागी लोक उत्साहाच्या भरात सावकारालाही खोटं पाडतात. ३६ आणि ४५.८ ही तुलना बरोबर नाही. एक सरळ व्याज आहे, दुसरं चक्रवाढ. तेच नऊ हजार व्याज आधी न कापता तीन महिन्यांच्या शेवटी घेतलं असतं, तरी चक्रवाढीने दर ४१.२ टक्के झालाच असता. आधी कापल्यामुळे वाढलेला भाग म्हणजे सरळ व्याजात ३६ चे ३९.६, किंवा चक्रवाढीत ४१.२ चे ४५.८. दोन कर्जांची तुलना करताना दोन्हीकडे एकाच जातीचा आकडा धरा. बँकेचा कर्जदर साधारणपणे महिन्याच्या दराला बाराने गुणून सांगितलेला असतो, म्हणून बँकेशी ताडून पाहायला ३९.६ योग्य. "वर्षभर असंच फिरवत राहिलो तर काय होईल" हे पाहायला ४५.८ योग्य.

मुदत वाढली की अंतर वाढतं

तीन टक्के महिना हा दर तोच ठेवा आणि फक्त मुदत वाढवा. सहा महिन्यांचं व्याज आधी कापलं तर १८ हजार जातात, हातात ८२ हजार. १८ भागिले ८२ म्हणजे सहा महिन्यांना २१.९५, वर्षाला ४३.९ टक्के. पूर्ण वर्षाचं कापलं तर ३६ हजार जातात, हातात ६४ हजार, आणि ३६ भागिले ६४ म्हणजे ५६.२५ टक्के. तोंडी दर तिन्ही वेळा एकच, "शेकडा तीन". म्हणून "मुदत जास्त देतो, दर तोच" ही सवलत वाटते खरी, पण आधी कापून घेणार असतील तर ती दरवाढ असते.

दर कमी असेल तर हे अंतर लहान राहतं. वर्षाला १२ टक्क्यांनी एक लाखातून १२ हजार कापले, तर खरा दर १३.६४ टक्के. व्यापारी बिल वटवून घेतात तिथे हीच रीत चालते: १२ टक्क्यांनी ९० दिवसांचं लाखाचं बिल वटवलं तर २,९५९ रुपये वटाव जातो आणि खरा दर १२.३७ टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यात फसवणूक नाही, रीत सगळ्यांना माहीत असते. सरकार स्वतःही ९१ दिवसांची ट्रेझरी बिलं कमी किमतीला विकून पूर्ण दर्शनी रक्कम परत करतं. पण तिथे उत्पन्नाचा दर काढताना भागाकार दर्शनी शंभराने करत नाहीत, प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीने करतात. तुम्ही कर्जदार असलात तरी भागाकार तसाच करायचा.

लाख हवे असतील तर किती मागायचे

ही चूक फार सर्रास होते. दुकानदाराला मालाच्या बिलासाठी पूर्ण एक लाखच हवेत. तो म्हणतो, नऊ हजार कापणार ना, मग एक लाख नऊ हजारांचा कागद करू. पण नऊ टक्के त्या वरच्या नऊ हजारांवरही कापले जातात. १,०९,००० चे नऊ टक्के ९,८१०, हातात ९९,१९०. आठशे दहा रुपये कमी पडले, आणि ते उसने घ्यायला तो पुन्हा कोणाकडे तरी जातो. बरोबर रीत भागाकाराची: हवी असलेली रक्कम भागिले (१ वजा कापण्याचा भाग). १,००,००० भागिले ०.९१ म्हणजे १,०९,८९०. लाख वापरायला मिळावेत म्हणून कर्ज कागदावर जवळपास एक लाख दहा हजारांचं होतं. चेकवर, वचनचिठ्ठीवर तीच रक्कम जाते.

हप्त्यांनी फेड असेल तर वरची रीत चालत नाही

आता जास्त फसवा प्रकार. "वर्षाचं १२ टक्के व्याज, आधी कापून. लाखाचे बारा समान हप्ते." हातात ८८ हजार, दर महिन्याला ८,३३३ रुपये ३३ पैसे. मागच्या रीतीने १२ भागिले ८८ केलं तर १३.६४ येईल, आणि ते साफ चूक आहे. कारण ८८ हजार वर्षभर तुमच्याकडे राहत नाहीत. पहिल्या महिन्याअखेर ८,३३३ परत गेले, दुसऱ्याला आणखी तेवढेच. सरासरी पाहिली तर वर्षभर तुमच्याकडे त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त पैसे होते.

अंदाजासाठी तोंडी हिशेब असा: हातातली रक्कम गुणिले १३ भागिले २४ (बारा हप्ते असतील तर). ८८,००० चे साधारण ४७,७०० होतात. बारा हजार भागिले ४७,७०० म्हणजे २५ टक्के. नेमकं उत्तर थोडं कमी येतं, पण काउंटरवर उभं राहून सही करायची की नाही हे ठरवायला एवढं पुरतं.

नेमकं उत्तर मोबाइलवरच्या शीटमध्येही मिळतं:

```
=RATE(12,-8333.33,88000)
=RATE(12,-8333.33,88000)*12
=(1+RATE(12,-8333.33,88000))^12-1
```

पहिली ओळ महिन्याचा दर देते, सुमारे २.०२ टक्के. दुसरी वर्षाचा सरळ दर, २४.३ टक्के. तिसरी चक्रवाढ धरून प्रभावी दर, २७.२ टक्के. हप्त्यापुढचं वजाचं चिन्ह विसरू नका. पैसे आले ते अधिक, गेले ते वजा. दोन्ही एकाच चिन्हाचे लिहिले की शीट `#NUM!` दाखवते आणि माणसाला वाटतं सूत्रच चुकलं.

या २४.३ मधलं कशाचं किती, हेही पाहण्यासारखं आहे. तेच बारा टक्के "फ्लॅट", म्हणजे हप्ते फिटत गेले तरी वर्षभर पूर्ण लाखावरच लावलेलं व्याज, पण आधी न कापता, हातात पूर्ण लाख आणि ९,३३३ चे बारा हप्ते, असं असतं तर दर सुमारे २१.५ टक्के आला असता. म्हणजे मोठा मार फ्लॅट व्याजाचा आहे, आधी कापण्याने त्यात तीन टक्क्यांच्या जवळपास भर पडली. घासाघीस करायची असेल तर आधी फ्लॅटवर करा, कापण्यावर नंतर.

यावर फी आली की आकडा आणखी चढतो. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,३६० रुपये, तेही आधीच कापले. हातात ८५,६४०. सूत्रात ८८००० च्या जागी ८५६४० टाका: वर्षाचा सरळ दर २९.६ टक्के, प्रभावी ३४. बोलण्यात अजूनही "बारा टक्के"च आहेत.

रोजची वसुली

भाजी मंडईत, रिक्षा स्टँडवर चालणारा प्रकार: दहा हजार सांगायचे, नऊ हजार हातात द्यायचे, रोज शंभर रुपये, शंभर दिवस. हजार रुपयांत शंभर दिवस काम भागलं, दहा टक्के, असं ऐकायला येतं. इथे मुदत दिवसांत आहे, म्हणून सूत्रात दिवस घ्या:

```
=RATE(100,-100,9000)*365
```

उत्तर ७७ ते ७८ टक्के. चक्रवाढीने वर्षाचा प्रभावी दर ११७ टक्क्यांच्या आसपास जातो. तोंडी ताळा: सरासरी साडेचार हजार रुपये शंभर दिवस वापरले, त्यावर हजार दिले, हजार भागिले साडेचार हजार, गुणिले ३६५ भागिले १००. सुमारे ८१. सूत्र आणि तोंडी हिशेब जवळपास आले म्हणजे टायपिंगची चूक नाही एवढं कळतं. पैसे देतानाच पहिले शंभर कापून ८,९०० दिले, तर ८९०० लिहा आणि हप्ते ९९ धरा.

तारखा वेड्यावाकड्या असतील तर

प्रत्यक्षात हप्ता चुकतो, मधे थोडे पैसे आधी दिले जातात, एका महिन्याचं पुढे ढकललं जातं. तेव्हा `RATE` निरुपयोगी. एका रकान्यात तारखा, शेजारी रक्कम, आणि `XIRR`. आपल्या दुकानदाराचं:

```
A2: 2025-08-01   B2: 91000
A3: 2025-10-30   B3: -100000
=XIRR(B2:B3,A2:A3)
```

उत्तर ०.४६६, म्हणजे ४६.६ टक्के. वर ४५.८ आला होता आणि इथे थोडा जास्त, कारण १ ऑगस्ट ते ३० ऑक्टोबर हे ९० दिवस आहेत, पाव वर्ष सव्वाएक्क्याण्णव दिवसांचं. `XIRR` नेहमी चक्रवाढीचा वार्षिक दरच देतं. त्याला पुन्हा बाराने गुणू नका. तारखा शीटने मजकूर म्हणून घेतल्या तर उत्तराऐवजी चूक येते. त्या रकान्याला तारखेचं स्वरूप द्या आणि तारखा पुन्हा लिहा.

लवकर फेडलं तर फायदा कोणाचा

साध्या कर्जात लवकर फेडलं की व्याज वाचतं. आधी कापलेल्या कर्जात, परताव्याची अट लिहून घेतली नसेल तर, काही वाचत नाही. दुकानदाराचा माल गणपतीतच संपला आणि त्याने महिन्याभरात लाख आणून दिले, तर त्याने ९१ हजार फक्त एक महिना वापरून नऊ हजार दिले. महिन्याला ९.८९ टक्के, वर्षाला ११८ टक्क्यांच्या वर. म्हणून पैसे लवकर येण्याची शक्यता असेल तर सही करण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: "महिन्यात आणून दिले तर उरलेल्या दोन महिन्यांचे सहा हजार परत देणार का?" उत्तर नाही आलं, तर दर थोडा जास्त असला तरी महिनाअखेर व्याज घेणारा माणूस बरा.

उलट बाजूही आहे. तीन महिन्यांनी लाख जमले नाहीत, तर पुढच्या तीन महिन्यांचे नऊ हजार पुन्हा आधीच मोजावे लागतात. तेही नसतील तर जुने लाख फेडल्याचं दाखवून १,०९,८९० चा नवा कागद होतो आणि हातात दमडी येत नाही. चौथ्या तिमाहीच्या शेवटी देणं १,३२,७०० च्या घरात जातं, आणि दुकानदाराने वापरलेले पैसे तेच ९१ हजार असतात. शीटमध्ये या नव्या कागदांच्या रकमा लिहायच्या नाहीत. खिशातून गेलेले आणि खिशात आलेले रुपयेच लिहायचे.

कायदा कोणत्या रकमेला मुद्दल मानतो

महाराष्ट्रात खाजगी सावकारी २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली येते. त्यात मुद्दल म्हणजे कर्जदाराला प्रत्यक्ष दिलेली रक्कम. कर्जाची खरी रक्कम न लिहिलेला, चुकीची लिहिलेला किंवा कोरा कागद सही करून घेणं त्या कायद्याला मान्य नाही. म्हणजे आपण जो भागाकार करतो, त्यातला खालचा आकडा कायद्याचाही तोच आहे. त्याच वर्षी सरकारने परवानाधारक सावकारांना कमाल दर ठरवून दिले: शेतकऱ्याला तारण कर्ज ९ टक्के, विनातारण १२, बाकीच्यांना तारण १५, विनातारण १८, सगळे वार्षिक. दुकानदाराच्या ९१ हजारांवर १८ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज ४,०९५ रुपये होतं. घेतले नऊ हजार.

हे सिद्ध करायचं तर ९१ हजार दिल्याची नोंद हवी, म्हणून पैसे खात्यातच घ्यावेत. रोखीने घेतले आणि वचनचिठ्ठी लाखाची असली, की नंतर तुमच्याकडे फक्त शब्द उरतो. शिवाय २० हजार किंवा जास्त रकमेचं कर्ज रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि दंड घेणाऱ्याला बसतो.

बँका आणि बिगरबँकिंग वित्तीय कंपन्यांवर हा सावकारी कायदा लागू नाही, तिथे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी त्यांनी सहीआधी एक तक्ता द्यायचा असतो, त्यात फी आणि इतर आकार धरून काढलेला वार्षिक दर असतो. तो `KFS` नावाने येतो आणि दर `APR` या नावाखाली छापलेला असतो. `RATE` गुणिले बारा करून आलेला तुमचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. दोन-तीन दशांशांचा फरक चालेल. पाच टक्के फरक असेल तर कापलेलं काहीतरी तक्त्यात धरलेलं नाही, बहुतेक वेळा विमा किंवा आगाऊ हप्ता. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच आगाऊ हप्त्यावर बोट ठेवलं होतं: काही संस्था एक-दोन हप्ते आधीच घेऊन व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावतात, असं तपासणीत दिसलं, आणि जादा घेतलेलं परत करायला सांगितलं. पतसंस्था मात्र सहकार कायद्याखाली असतात, रिझर्व्ह बँकेचा हा तक्ता त्यांना लागू नाही. तिथे वरचा हिशेब स्वतःच मांडावा लागतो.

सावकाराकडे परवाना आहे का, याची चौकशी तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात करता येते, आणि जादा व्याजाची तक्रारही तिथे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे जाते. जाताना खात्याचा उतारा, वचनचिठ्ठीची प्रत असेल तर ती, दिलेल्या पैशांच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी, आणि तारीखवार लिहिलेलं ते दोन रकान्यांचं पान न्यावं.